‘मालक’ नावाचा कॉलम

सोलापुरात नवी पेठेतल्या आमच्या ऑफिसात चढायचं म्हणजे आधी खालच्या साडीच्या दुकानातून वाट काढावी लागते. दुकानाचा मालक रोज विचारतो, “काय मॅडम, झाला का कंप्युटर दुरुस्त?” मी दुरुस्त करत नाही, मी सॉफ्टवेअर लिहिते, हे त्याला सांगून सांगून माझी जीभ झिजली. आता मी “होतोय” म्हणते आणि जिना चढते. वर आम्ही मोजकी माणसं, दोन पंखे, आणि उन्हाळ्यात भट्टीसारखा तापणारा पत्रा. आमचे सर म्हणजे कंपनीचे मालक. माणूस वाईट नाही. पण गिऱ्हाईकानं तोंड उघडायच्या आत यांची मान हललेली असते, एवढाच दोष.

आमचं सगळ्यात मोठं गिऱ्हाईक पुण्याची एक संस्था. शेळ्या-मेंढ्या पाळणाऱ्या लोकांसाठी काम करते. प्रत्येक जनावराच्या कानात नंबराचा बिल्ला, आणि त्या नंबराची नोंद आम्ही बनवलेल्या अ‍ॅपमध्ये. जात, वय, लस कधी टोचली, मालक कोण. नोंद कुणी केली तेही आपोआप लिहिलं जातं. शेरडं-मेंढरं जिथं चरतात तिथं रेंज कुठली असायला? म्हणून अ‍ॅप अशी केली होती, की नोंद आधी फोनमध्येच राहते आणि रेंज मिळाली की आमच्या सर्व्हरकडे जाते. सर्व्हरनं ‘मिळालं’ म्हटलं की फोनवर त्या नोंदीपुढं हिरवी टिक येते.

या सगळ्याच्या तळाशी एक टेबल होतं, म्हणजे एक लांबलचक तक्ता. त्यात ‘मालक’ नावाचा कॉलम होता. आणि त्या कॉलमात लोक काय वाटेल ते लिहायचे. कुणी पूर्ण नाव, कुणी ‘नाना’, कुणी ‘आमचेच’, कुणी ‘वरच्या वस्तीवरचे’. बाया लिहायच्या ‘माहेरची’. लेक बाळंतपणाला आली की जाताना बाप तिच्यासोबत एखादी गाभण शेळी धाडतो, ती माहेरची. तिची पिल्लं, पिल्लांची पिल्लं, सगळी माहेरचीच म्हणायची. चरतात दिराच्या नाहीतर सासऱ्याच्या कळपात, पण सगळ्या वस्तीला ठाऊक असतं कुठली कुणाची. कंप्युटरला मात्र ‘माहेरची’ हा कोण माणूस ते कळायचा काही मार्ग नव्हता.

पुण्याच्या साहेबांनी फर्मावलं, की हे चालणार नाही. प्रत्येक मालक म्हणजे एक माणूस पाहिजे, त्याची वेगळी नोंद पाहिजे, मोबाईल नंबर पाहिजे, आणि जनावरापुढं त्या माणसाचा क्रमांक पाहिजे. एकही जागा रिकामी चालणार नाही. मागणी रास्तच होती, मी काही भांडले नाही. टेबल बदलायचं काम माझ्याकडं आलं. आमच्या धंद्यात याला मायग्रेशन म्हणतात.

लोकांना वाटतं, बदलायचा तर बदलायचा कॉलम, त्यात काय एवढं. अहो, टेबल तुमच्या एकट्याचं असतं तर ठीक होतं. इथं शेकडो फोनांवर जुनी अ‍ॅप बसलेली. ती ‘मालक’ म्हणूनच मजकूर पाठवणार. तुम्ही इकडं कॉलम उडवला की ती तिकडं तोंडावर आपटणार. पंगत बसलेली असताना पानं न हलवता खालची सतरंजी बदलायची, असलं हे काम आहे. ते घाईनं होत नाही आणि रागानं तर मुळीच होत नाही.

मी ते नीट केलं. हे मी छाती ठोकून सांगते. आधी जुन्या कॉलमला हात न लावता शेजारी नवा कॉलम टाकला, रिकामा. त्यानं कुणाचंच काही बिघडलं नाही, जुन्या अ‍ॅपला तो दिसतही नव्हता. मग नवा कोड असा लिहिला, की प्रत्येक नोंद दोन्हीकडं जाईल, जुन्या कॉलमातही आणि नव्यातही. मग जुना डेटा थोडा थोडा करून नव्यात भरला. सगळा एका दमात भरला असता तर टेबल अडकून बसलं असतं आणि रानातल्या बाया फोन हातात धरून ताटकळल्या असत्या. ज्या नावांचा मेळ लागेना, त्या ‘नाना’ आणि ‘माहेरची’वाल्यांना मी स्वतः फोन केले. सर म्हणायचे, “अगं, तू प्रोग्रामर आहेस का जनगणनेची बाई?” म्हटलं, सर, दोन्ही.

सगळ्यात जास्त जीव मी ओतला होता तो एका छोट्या कोडमध्ये. त्याला मी दुभाषी म्हणायचे. अक्कलकोटकडं बाजारात एखादा गडी कानडीत ऐकतो आणि मराठीत सांगतो, तसं त्याचं काम. जुनी अ‍ॅप ‘मालक: अमुक’ म्हणून बोलली की दुभाषी त्या अमुकचा क्रमांक शोधायचा आणि नव्या कॉलमात लिहायचा. नाही सापडला तर तो मजकूर जसाच्या तसा बाजूला राखून ठेवायचा, माझ्या नजरेसाठी. काही म्हणजे काही हरवायचं नाही. जुनी अ‍ॅप चालतेय, नवी चालतेय, कुणाला पत्ताही नाही की खाली सतरंजी बदलली.

त्याच दिवसांत सांगोल्याच्या बाजूला एका वस्तीवर संस्थेनं शिबिर घेतलं. अ‍ॅप कशी वापरायची ते शिकवायला मला धाडलं. देवळाच्या मंडपात बाया-माणसं बसलेली. मी बोलून बोलून घसा कोरडा केला. सगळं आटपल्यावर एक बाई मागं राहिली. सगळे तिला आक्का म्हणत होते, म्हणून मीही आक्काच म्हणाले. नवरा जाऊन काही वर्षं झालेली, धाकट्या दिराच्या कळपामागं राबायची. दीर मंडपाच्या खांबाला टेकून तंबाखू मळत होता. तो पाणी प्यायला गेला तशी ती पटकन जवळ सरकली.

“मॅडम, मालक बदलता येतंय व्हय ह्यात?”

मी म्हटलं, येतंय की. मग तिनं सांगितलं. बिल्ले मारायला माणूस आला होता तेव्हा त्यानं अख्ख्या कळपापुढं दिराचं नाव घातलं. विचारलंसुद्धा नाही. “त्यातली माज्या म्हायेरची शेरडं येगळी हायती. माज्या बापानं दिल्याली. म्हातारी शेळी मेली, पन तिचं समदं बेनं हाय की. कानाची खूण मात्र भावजींच्या कळपाची पडली, हितंच जन्मली म्हनून.”

मेंढपाळ जनावराच्या कानाला कापून खूण करतात, त्यावरून कुणाची ते ओळखतात. बापाची खूण असलेल्या शेळ्या संपल्या होत्या. त्यांच्या लेकी-नातींच्या कानांवर दिराची खूण होती आणि बिल्ल्यापुढं दिराचंच नाव. आता घर वेगळं करायचं बोलणं निघालं होतं. शेरडं मिळाली तर आक्का आपली आपण जगणार होती. नाही मिळाली तर मरेपर्यंत दिराच्या कळपामागं.

“आत्ताच बदलू?” मी विचारलं. तिनं दीर गेलेल्या दिशेला बघितलं आणि मान हलवली. “आत्ता नगं. वाटंला लागल्यावर करते. वाड्यावर फोन माज्यापाशीच असतोय, गडी समदे मेंढरामागं जात्यात.” वाडा म्हणजे त्यांचा रानातला मुक्काम. सातवी शिकलेली बाई, वाचायला चांगलं यायचं. मी तिला तीनदा करून दाखवलं. बिल्ल्याचा नंबर शोधायचा, ‘मालक’वर बोट ठेवायचं, नाव लिहायचं, जतन. चौथ्यांदा तिनं स्वतः केलं आणि पुसून टाकलं. “लई सोपं हाय की वो,” म्हणाली आणि हसली.

तिच्या फोनमध्ये जुनीच अ‍ॅप होती. नवी बसेना, फोन भरलेला. मी म्हटलं, असू द्या, जुनीही चालतेय. आणि खरंच चालत होती. दुभाषी बसला होता ना तिकडं.

दिवाळी झाली आणि वाडे हलले. मला हे कुणी शिकवावं लागत नाही. आमचं गाव करमाळ्याच्या बाजूला. लहानपणी आमच्या शेतात दरसाल मेंढरं बसायची, खतासाठी. दिवाळीनंतर यायची, चार दिवस राहायची, पुढं जायची. ती माणसं परत आपल्या गावाला जायची ते मिरगाच्या तोंडाला, जूनच्या पहिल्या पावसाला. त्यांच्या वर्षाला दोनच टोकं, दिवाळी आणि मिरीग. मधे ती कुठं असतात ते त्यांनाच माहीत. फोनचं रिचार्जसुद्धा करत नाहीत, डोंगरात कुणाला बोलायचंय?

उन्हाळा सुरू झाला तशी पुण्याहून मीटिंग लागली. साहेब पडद्यावर, सर माझ्या शेजारी. साहेबांनी लॉग काढला होता. लॉग म्हणजे कुठल्या फोननं कधी हाक मारली त्याची यादी. “जुन्या व्हर्जनकडून कितीतरी दिवसांत एकही रिक्वेस्ट नाही,” साहेब म्हणाले. “म्हणजे सगळे नव्यावर गेले. आता जुना कॉलम काढा, ते दुभाषी का काय तेही काढा. स्वच्छ करा.”

मी म्हटलं, “साहेब, ते लोक गेले नाहीत नव्यावर. ते डोंगरात गेलेत.”

“म्हणजे?”

“म्हणजे वाडे बाहेर आहेत. रेंज नाही, रिचार्ज नाही. फोनमध्ये नोंदी साठलेल्या असणार. मिरगाला परत आले की एकदम येतील. तोपर्यंत थांबू या की. कॉलम काय खायला मागतोय का?”

साहेब हसले. हसण्यात वाईट काही नव्हतं, हेच तर वाईट होतं. म्हणाले, नवीन वर्षाचा अहवाल नव्या रचनेत दाखवायचाय, दोन दोन ठिकाणी मालक दिसला तर प्रश्न विचारतात. सरांची मान हलली. मी पाहिलं तिला हलताना.

मग मी मागणी कमी केली. म्हटलं, बरं, कॉलम काढा. पण दुभाषी राहू द्या, त्याला जुना कॉलम लागतच नाही, तो नव्यातच लिहितो. साहेब म्हणाले, मग जुना कोड कधी संपायचा? मी आणखी कमी केली. म्हटलं, तोही काढा, पण जुन्या अ‍ॅपनं हाक मारली तर सर्व्हरला सरळ नकार देऊ दे. ‘हे आता चालत नाही’ असं म्हणू दे. नकार मिळाला की फोन नोंद टाकून देत नाही, आपल्यापाशी धरून ठेवतो. लाल खूण दिसते. माणूस विचारायला तरी येतो.

साहेब म्हणाले, “नको, नकार नको. नकारांचा आकडा आमच्या पडद्यावर लाल दिसतो. वरची माणसं बघतात. सर्व्हरला सांगा, ओळखीचं तेवढं घ्या, अनोळखी काही आलं तर सोडून द्या.”

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. “साहेब, ‘मालक’ उद्यापासून अनोळखी होणार. म्हणजे बाई नाव पाठवणार, आपण नाव गटारात टाकणार, आणि वर तिला म्हणणार, मिळालं!” सरांनी टेबलाखालून माझ्या पायाला पाय लावला. साहेब म्हणाले, “इतका टोकाचा विचार करू नका हो. तुम्ही एक मेसेज लिहा. जुनं अ‍ॅप ज्या ज्या फोनवर आहे, तो फोन ऑनलाइन आला की मेसेज जाईल, अपडेट करा म्हणून. झालं?”

मला तेवढंच मिळालं. मेसेज मी लिहिला, त्यांच्या भाषेत, त्यांना कळेल असा. फोनमधले जुने फोटो काढून जागा करा आणि अ‍ॅप नवी करून घ्या, नाहीतर नोंदी अडकतील, असं. खाली लिहिलं, शिबिरातल्या मॅडम. म्हटलं, माझं नाव बघून तरी करतील. मला वाटलं, मेसेज आधी पोचेल आणि नोंदी मागून येतील. पण कुठल्या फोनमधून काय आधी सुटेल, यावर माझा काय ताबा?

एका दुपारी कॉलम गेला. बॅकअप घेतला होता, सगळं रीतीनं झालं. काही म्हणजे काही झालं नाही. सगळे पडदे हिरवे. सरांनी पेढे आणले आणि मला म्हणाले, “बघ, उगं घाबरत होतीस.” मी पेढा खाल्ला.

मिरीग लागला आणि एके सकाळी आक्काचा फोन आला. आवाज चढलेला, शब्द एकमेकांवर पडत होते. घर वेगळं करायला पंच बसले होते. आक्का म्हणाली, माझी शेरडं माझ्या नावावर आहेत, मोबाईलवर बघा. पंचांनी शिबिरातल्या एका पोराच्या फोनवर बिल्ले तपासले. एकूण एक दिराच्या नावावर. दीर म्हणाला, सरकारी बिल्ला आहे, त्यात खोटं कसं असेल? बिल्ला काही सरकारी नव्हता, पण ते कोण सांगणार. पंचांनी तिला आठ दिवस दिले. पुरावा आण म्हणाले.

“मी केलं हुतं मॅडम. येक येक शेळीचं केलं. समद्यास्नी हिरवी टिक आली हुती की.”

मी तिच्या शेळ्यांच्या ओळी काढल्या. प्रत्येक ओळीत शेवटच्या बदलाची तारीख ताजी होती, ती गावात पोचली त्या दिवशीची. बदल करणारीच्या जागी आक्काचं नाव. आणि मालक? दीर. जसाच्या तसा. बदल झाला होता आणि काहीच बदललं नव्हतं. लॉगमध्ये जुन्या व्हर्जनच्या हाका ओळीनं लागलेल्या, प्रत्येकीपुढं ‘यशस्वी’. हाकेत काय लिहिलं होतं ते आम्ही साठवत नाही. लोकांची नावं-नंबर लॉगमध्ये पडून राहू नयेत म्हणून तसा नियमच आहे, आणि नियम चांगला आहे. बॅकअप होता तो उन्हाळ्यातला. तेव्हा आक्काची नोंद डोंगरात होती, तिच्या फोनमध्ये. बॅकअपमध्येही दीरच.

मग एकदम डोक्यात आलं. सर्व्हरकडं नाही, पण तिच्या फोनमध्ये असेल! जुनी अ‍ॅप टिक आल्यावर स्वतःजवळची प्रत पुसत नाही. तिथं प्रत्येक शेळीपुढं तिचं नाव, तारखेसकट असणार. मी जवळजवळ ओरडलेच, “आक्का, फोनला हात लावू नका! काही दाबू नका. तसाच घेऊन या सोलापूरला!”

“व्हय, उद्याच येते,” ती म्हणाली. तिच्या आवाजाला जरा धीर आला. मलाही आला. तो एक दिवस मी सरांशी नीट बोलले, दुकानदारालासुद्धा हसून उत्तर दिलं.

दुसऱ्या दिवशी ती एसटीनं आली. जिना चढून दमली, डोक्यावरचा पदर सारखा करत खुर्चीच्या कडेला बसली. पिशवीतून फडक्यात गुंडाळलेला फोन काढला आणि देवाचा टाक द्यावा तसा माझ्या हातात दिला. मी पडदा उघडला.

चिन्ह नवं होतं. अ‍ॅप नवी होती.

“आक्का, हे कधी केलं?”

“त्येच दिशी की. गावात आलो, टिका आल्या, आन मागनं मेसेज आला. फोटू काडून जागा करा म्हनून. तुमचाच हुता की मॅडम, खाली लिवलं हुतं. म्हटलं, मॅडमनी सांगितलंय तर करूनच टाकावं. धाकल्याच्या बारशाचे फोटू हुते, ते समदे काडले.”

आता हे कसं सांगू तिला? फोनच्या आतही एक छोटं टेबल असतं. अ‍ॅप नवी झाली की तेही बदलावं लागतं, आणि तिथं आम्ही कष्ट घेतले नव्हते, कुणीच घेत नाही. जुनं टेबल टाकून द्यायचं आणि सर्व्हरकडून ताजं मागवायचं, खरं काय ते सर्व्हरलाच माहीत असतं ना. तिचं नाव फोनमधूनही गेलं होतं. त्या जागी सर्व्हरकडून ताजा, स्वच्छ डेटा आला होता. शेळी, बिल्ला, मालक: दीर.

मी ते सांगितलं. जमेल तितक्या सोप्या शब्दांत. ती म्हणाली, “शेरडं तितं हायती. बिल्ला हाय. मी लिवल्यालं तुमाला पोचलं, तुमी व्हय म्हनला. मग नाव कुटं गेलं?” मला उत्तर येत नव्हतं असं नाही. येत होतं. ते उत्तर तिच्या काहीच कामाचं नव्हतं.

ती पाणी प्यायली. आमच्यातल्या एकानं चहा मागवला, तो तसाच गार झाला. मी सरांच्या खोलीत गेले. म्हटलं, मी नाव घालते, एका ओळीचं काम आहे. सर म्हणाले, “घातलंस आणि दिरानं तक्रार केली तर? कशाच्या जोरावर घातलं म्हणून सांगशील? उद्या कुणीही येईल आणि म्हणेल ह्या शेळ्या माझ्या.” चिडून मी म्हटलं, मग नव्या पद्धतीनं मालक बदलू. नव्या पद्धतीत मालक बदलायचा तर आहे त्या मालकाच्या मोबाईलवर ओटीपी जातो. कुणी फसवू नये म्हणून. तो भाग मीच लिहिला होता.

पुण्याला मी लांबलचक मेल लिहिली. तारखा दिल्या, लॉग जोडला, मीटिंगमध्ये मी काय म्हणाले होते तेही लिहिलं. या बाईनं बदल पाठवला आणि आपण तो टाकून दिला, एवढं एका कागदावर लिहून द्या, पंचांना दाखवता येईल, म्हणून हात जोडले. उत्तर आलं, अगदी सभ्य. तपासणीत असं आढळलं की मायग्रेशनमध्ये कुठल्याही विद्यमान नोंदीचं नुकसान झालेलं नाही. मालकीच्या वादात संस्था पडत नाही. आणि खोटं काय होतं त्यात? विद्यमान नोंदीचं नुकसान झालंच नव्हतं. दीर होता, दीर राहिला.

मी पंचांसमोर येते, असं आक्काला म्हटलं होतं. गेलेही. त्या म्हाताऱ्यांना मी तारखा दाखवल्या, म्हटलं, बघा, त्या दिवशी आक्कानं प्रत्येक शेळीला हात घातलाय. एकानं शांतपणे विचारलं, “बाई, हात घातला हे खरं. लिवलं काय, ते दिसतंय का?” मी म्हटलं, नाही. “मग?” त्यातल्या प्रत्येकाला ठाऊक होतं कुठली शेळी कुणाच्या बापाची. लहान पोरं नावानं ओळखत होती. पण दिराच्या तोंडावर बोलायला कुणी तयार नव्हतं, आणि आता तर बोलायची गरजच उरली नव्हती, मोबाईल बोलला होता. दिरानं मला चहा विचारला. म्हणाला, “मॅडम, तुमचं अ‍ॅप लई ब्येस हाय.”

घर वेगळं झालं नाही. कशाच्या जिवावर होणार? परतताना एसटीत बसले आणि लाज सोडून रडले. शेजारच्या बाईनं विचारलं, माहेराहून निघालात का? मी हो म्हटलं.

पुन्हा दिवाळी झाली, वाडे गेले. आक्का गेली, त्याच शेरडांमागं. त्यानंतर आम्ही आणखी दोन-तीनदा टेबल बदललं. मी प्रत्येक वेळी मिरगाचं बोलते. आता सर आधीच म्हणतात, “हो, तुझा मिरीग माहितीये.” आणि तारीख ठरते ती ठरतेच. नोकरी सोडावी असं रोज वाटतं. सोडली नाही. घरी हप्ते आहेत, आणि दुसरीकडं गेले तरी तिथंही कुणाची तरी मान हलतच असणार.

परवा करडांच्या नव्या नोंदी आल्या, आक्काच्या फोनवरून. आता तिला नवी अ‍ॅप छान जमते, एकही चूक नाही. तिच्या माहेरच्या शेळ्या व्याल्या होत्या. तिनं प्रत्येक करडाचा बिल्ला, रंग, जन्माची तारीख नीट भरली होती. नव्या अ‍ॅपमध्ये मालक लिहावा लागत नाही, आईच्या मालकावरून आपोआप येतो. मी एक एक ओळ वाचत गेले. नोंद करणार: आक्का. मालक: दीर. खालच्या ओळीत तेच, त्याच्या खालच्या ओळीत तेच. सगळ्यांपुढं हिरवी टिक होती.